एक इंची पाईप, एक इंची कपलर, तरी सांधा गळतोच: मापाचा घोळ कुठे होतो आणि तो कसा सोडवायचा

दर पंधरा दिवसांनी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक तरी गिऱ्हाईक हातात तुटका कपलर घेऊन येतं. तक्रार ठरलेली असते: "एक इंचीच पाईप, एक इंचीच कपलर, सोल्युशन पण चांगल्या कंपनीचं लावलं, तरी दोन महिन्यांत सांधा सुटला." काहींची तक्रार उलटी असते, पाईप कपलरमध्ये शिरतच नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे. पाईपवर "एक इंच" म्हटलं जातं ते त्याचं नाव असतं, माप नसतं. आणि फिटिंग बसतं ते पाईपच्या बाहेरच्या अंगावर, नावावर नाही.

मागच्या उन्हाळ्यात सोडवलेलं एक काम सांगतो, म्हणजे सगळा गुंता त्यातच येईल.

एका तात्यांच्या शेतातल्या घरावर हजार लिटरची टाकी आहे. विहिरीवरच्या मोटारीपासून घरापर्यंत करड्या रंगाचा पीव्हीसी पाईप जुना होता, तोच जो शेतात सगळीकडे असतो. टाकीजवळचा वरचा भाग नव्याने केला होता, पांढऱ्या प्लंबिंगच्या यूपीव्हीसी पाईपमध्ये. जुना करडा आणि नवा पांढरा जिथे भेटतात तिथे पांढरा एक इंची कपलर. तो सांधा वर्षभरात तीन वेळा सुटला. पहिल्यांदा गवंड्याच्या हाताखालच्या पोराने सोल्युशन लावून परत बसवला. दुसऱ्यांदा प्लंबरने कपलर बदलला. तिसऱ्यांदा तात्यांनी स्वतः एमसील थापलं, वर सायकलची ट्यूब गुंडाळली, आणि मोटार चालू केल्यावर ट्यूबेसकट पाईप बाहेर आला.

मी गेलो तेव्हा आधी काहीच दुरुस्त केलं नाही. कपलरच्या एका बाजूला पांढरा पाईप इतका पक्का होता की करवतीशिवाय निघणार नव्हता. दुसऱ्या बाजूचा करडा पाईप हाताने निघाला, आणि त्याच्या तोंडावर सोल्युशनचा एक कडक पापुद्रा होता, सापाच्या कातीसारखा. नखाने उचलला तर अख्खी कडी निघाली. ही खूण लक्षात ठेवा. सोल्युशन नीट लागलेलं असतं तेव्हा असा पापुद्रा निघत नाही, कारण पाईप आणि कपलर एकजीव झालेले असतात. सुटा पापुद्रा निघाला याचा अर्थ सोल्युशनने दोघांना जोडलं नव्हतं, दोघांमधली फट भरली होती.

मग मी पाईप पुसून पुढे वाचत गेलो. करड्या पाईपवर पुसट छपाई होती: आयएस ४९८५, ३२ मिमी, १० किलो. पांढऱ्या पाईपवर होतं: एएसटीएम डी १७८५, एक इंच, शेड्यूल ४०. निदान इथेच झालं. पण तात्यांना ते पटायला अजून अर्धा तास गेला, कारण त्यांच्या मते दोन्ही "एक इंची"च होते, आणि बाजारात दोन्ही त्याच नावाने मिळतात.

आता हे असं का, ते बघू.

आयएस ४९८५ च्या पाईपला नाव त्याच्या बाहेरच्या व्यासावरून दिलेलं असतं, तेही मिलिमीटरमध्ये. ३२ मिमी म्हणजे बाहेरून खरोखर ३२ मिमी. हा पाईप इंचात मोजलेलाच नाही. "एक इंची" हे बाजाराने त्याला दिलेलं टोपणनाव आहे. तसंच २० मिमीला आपण अर्धा इंची म्हणतो, २५ ला पाऊण, ६३ ला दोन इंची, ११० ला चार इंची. तोंडी व्यवहाराला हे चालतं, सांधा जोडताना चालत नाही.

पांढरा प्लंबिंगचा पाईप वेगळ्या घराण्यातला. त्याचं बाहेरचं माप लोखंडी पाईपच्या अमेरिकन मापावरून आलंय, म्हणून एक इंची पाईप बाहेरून ३३.४ मिमी. यात कुठेच एक इंच सापडत नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि तुम्ही हा पाईप आतून मोजा की बाहेरून, टेपवर बरोबर एक इंच येणार नाही.

ते कुठून आलं हे कळायला जीआय पाईप हातात घ्यावा. जीआयचा २५ नंबरचा, म्हणजे आपला एक इंची पाईप बाहेरून साधारण ३३.७ मिमी भरतो. तो तीन जाडीत मिळतो: हलका म्हणजे ए क्लास, मध्यम बी आणि जड सी. तिघांचं बाहेरचं अंग जवळजवळ सारखंच असतं, कारण आटे बाहेरून पाडतात आणि सॉकेट बाहेरूनच चढतं. जाडी वाढली तर ती आतल्या बाजूला वाढते. जड पाईपची जाडी ४ मिमी, म्हणजे आतली पोकळी २५.७ मिमी. हा झाला जवळजवळ एक इंच. मध्यमची जाडी ३.२, पोकळी २७.३. हलक्याची २.६, पोकळी २८.५. पूर्वी लोखंडी पाईप जाडच बनत, तेव्हा एक इंची पाईपची पोकळी खरोखरच इंचाच्या आसपास होती, आणि नाव त्या पोकळीचं पडलं. पुढे पातळ पण मजबूत पाईप बनू लागले. पण जगभर पडलेली सॉकेटं, नळ, आटे पाडायची हत्यारं मोडीत काढायची कोणाची तयारी नव्हती. म्हणून बाहेरचं अंग तसंच ठेवलं आणि आतून पोकळी वाढू दिली. अमेरिकेत ही मापं १८८६ साली ब्रिग्ज यांच्या नावाने प्रमाण ठरली. नाव जुन्या पोकळीचं, अंग जुनंच, आणि आतलं माप काहीही, अशी ही गंमत आहे.

तिसरं घराणं सीपीव्हीसीचं, गरम पाण्याच्या पिवळसर पाईपचं. ते तांब्याच्या नळीच्या मापावर बेतलंय. तांब्याच्या नळीचा बाहेरचा व्यास नावापेक्षा बरोबर एक अष्टमांश इंच जास्त धरलेला असतो. आपल्याकडे जुन्या मिस्त्र्यांना हे सांगायला फार सोपं जातं: नावात एक सूत मिळवा. अर्धा इंच म्हणजे चार सूत, तर सीपीव्हीसीचा अर्धा इंची पाईप बाहेरून पाच सूत, म्हणजे १५.९ मिमी. पाऊण म्हणजे सहा सूत, तो सात सूत, २२.२ मिमी. एक इंची नऊ सूत, २८.६ मिमी. हा हिशेब दोन इंचापर्यंत चालतो. त्याहून मोठे सीपीव्हीसी पाईप पुन्हा लोखंडी मापावर जातात, पण घरगुती कामात तिथवर कोण जातंय.

म्हणजे "एक इंची" म्हणून दुकानाच्या टेबलावर चार तुकडे ठेवले तर चौघांची अंगं चार तऱ्हेची:

| बाजारातलं नाव | शेतीचा पीव्हीसी | प्लंबिंगचा यूपीव्हीसी | सीपीव्हीसी | जीआय |
|---|---|---|---|---|
| अर्धा इंच | २० | २१.३ | १५.९ | २१.३ |
| पाऊण इंच | २५ | २६.७ | २२.२ | २६.९ |
| एक इंच | ३२ | ३३.४ | २८.६ | ३३.७ |
| दोन इंच | ६३ | ६०.३ | ५४ | ६०.३ |

सगळे आकडे बाहेरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. शेवटची ओळ जरा बारकाईने बघा. एक इंचापर्यंत शेतीचा पाईप प्लंबिंगच्या पाईपपेक्षा बारीक असतो, दोन इंचाला तो उलट जाड होतो. म्हणून "शेतीचा जरा सैल बसतो" असा ठोकताळा कोणी सांगितला तर तो दोन इंचाच्या मोटारीवर फसवतो. तिथे प्लंबिंगचा पाईप शेतीच्या ६३ च्या कपलरमध्ये खुळखुळ वाजतो.

आता परत तात्यांच्या कपलरकडे. सोल्युशनने जोडायच्या कपलरचं तोंड सरळ नळकांडं नसतं, आत जाताना किंचित निमुळतं होत जातं. एक इंची प्लंबिंग कपलरचं माप तोंडाशी सुमारे ३३.६६ मिमी असतं आणि तळाशी ३३.२७. पाईप ३३.४. म्हणजे पाईप तोंडातून सहज शिरतो आणि तळाला पोचायच्या आधीच अडतो. हे मुद्दाम ठेवलेलं असतं. सोल्युशन लावल्यावर दोन्ही पृष्ठभाग मऊ होतात, पाईप जरा रेटून फिरवला की तो त्या अडलेल्या जागेतून पुढे सरकतो, आणि मऊ झालेलं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं. खरी ताकद त्या घट्ट पट्ट्यात असते. सोल्युशन हा डिंक नाही, ते प्लास्टिक विरघळवणारं रसायन आहे, त्याला जवळजवळ भिडलेले दोन पृष्ठभाग लागतात.

तात्यांचा ३२ चा पाईप त्या कपलरमध्ये कुठेच अडत नव्हता. अगदी तळाशीसुद्धा सव्वा मिलिमीटरची मोकळीक होती. त्या फटीत सोल्युशन भरलं, वरून सुकलं, आतला भाग बरेच दिवस ओला राहिला, मग सुकताना आकसला. तोच तो पापुद्रा. आता त्यावर ओढ किती येते ते बघा. ३२ मिमी पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर. लाईनमध्ये दोन किलोचा दाब असला तर पाण्याने सांध्यावर सोळा किलोची ओढ लागते, पाईप बाहेर ढकलणारी. वर मोटार बंद-चालू होतानाचा धक्का वेगळा. दिवसातून दोनदा पापुद्र्याने सोळा किलो तोलायचे, तो तरी किती दिवस तोलणार.

हे सगळं सुकलेल्या सांध्यावरून कळतं, पण जोडायच्या आधीच कळावं यासाठी एक चाचणी आहे, आणि ती फुकट आहे. सोल्युशन न लावता पाईप कपलरमध्ये सारा. सॉकेटच्या खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन तो अडला पाहिजे. तळापर्यंत हाताने सुळकन गेला आणि कपलर उलटा धरल्यावर गळून पडला, तर घराणं चुकलंय. तोंडाशीच अडला आणि आत जायलाच तयार नसला, तरीही घराणंच चुकलंय. कापलेल्या तोंडावर करवतीची कुसं राहिली तरी पाईप अडतो, म्हणून आधी कुसं काढा, मगच चाचणी घ्या. कुसांमुळे सैल पाईपसुद्धा घट्ट वाटतो, आणि ही फसगत मी अनुभवी प्लंबरांचीही होताना पाहिली आहे.

पाईप आधीच भिंतीत गेलेला असेल, छपाई पुसली असेल, आणि दुकानात विचारायचं असेल तर काय? व्हर्निअर असेल तर उत्तम. नसेल तर कागदाची पट्टी. वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी कापा, पाईपभोवती एकदा घट्ट गुंडाळा, जिथे कागदावर कागद येतो तिथे टाचणीने दोन्ही थरांतून भोक पाडा. पट्टी उघडून दोन भोकांमधलं अंतर फूटपट्टीने मोजा आणि ३.१४ ने भागा. आला बाहेरचा व्यास. गुणाकार-भागाकार नको असेल तर एक इंचीपुरते एवढे आकडे पाठ करा: सीपीव्हीसी ९० मिमी, शेतीचा १००, प्लंबिंगचा १०५, जीआय १०६.

व्यास मोजण्यापेक्षा घेर मोजणं मला दोन कारणांनी आवडतं. ३२ आणि ३३.४ मधला फरक टेपवर दीड मिलिमीटरसुद्धा नाही, डोळ्याला चुकतो. घेरात तोच फरक साडेचार मिलिमीटर होतो, तो कोणालाही दिसतो. आणि उन्हात पडलेला पाईप जरा चपटा झालेला असतो. व्हर्निअर एका बाजूने ३१.५ दाखवतो, दुसऱ्या बाजूने ३२.५, आणि माणूस गोंधळतो. घेर मात्र चपटेपणाने जवळपास बदलत नाही. मोजताना पाईपचं तोंड सोडून हातभर मागे मोजा, कारण तोंड कोणी तापवून फुगवलेलं असू शकतं. जीआयवर रंगाचे थर असतील तर तेवढी जागा खरवडून घ्या. एक मात्र आहे: या पट्टीने जीआय आणि प्लंबिंगचा यूपीव्हीसी यांतला फरक ओळखायला जाऊ नका, एक मिलिमीटर कागदाच्या जाडीतच जातो. एक लोखंड, दुसरं प्लास्टिक, ते बोटाने वाजवून कळतं.

तोंड तापवून फुगवण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. शेतात सर्रास हे करतात: शेगडीवर ३२ च्या पाईपचं तोंड मऊ करायचं, त्यात ३३.४ चा पाईप दाबायचा, गार होऊ द्यायचा. पाटात पाणी सोडायच्या लाईनला मी याला नाही म्हणत नाही, तिथे दाबच नसतो आणि थोडं झिरपलं तर ते शेतातच जातं. पण टाकीच्या किंवा मोटारीच्या लाईनला हे करू नका. ताणलेल्या जागी पाईपची जाडी कमी होते, आणि आगीवर कुठे जास्त तापलं हे कळत नाही. काळवंडलेला ठिपका दिसला की समजा, फुटणार तो तिथूनच.

मग वेगवेगळ्या घराण्यांचे पाईप जोडायचे कसे? आट्यांनी. आटे हा या सगळ्यांचा सामाईक भाऊबंद आहे. शेतीच्या पाईपचा एक इंची एमटीए घ्या, म्हणजे एका बाजूला ३२ चा पाईप सोल्युशनने बसतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे आटे. प्लंबिंगचा एक इंची एफटीए घ्या, एका बाजूला ३३.४ चा पाईप बसतो आणि दुसऱ्या बाजूला आतले आटे. सॉकेटची बाजू प्रत्येकाची आपापल्या घराण्याची, पण आपल्या बाजारात आटे दोन्हींचे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे, एक इंचाला दर इंची अकरा. ते एकमेकांत बसतात. सीपीव्हीसीला किंवा जीआयलाही हाच रस्ता.

एफटीए घेताना आत पितळी आटे असलेला घ्या. चार पैसे जास्त पडतात. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी किंवा पितळी बाहेरचे आटे आवळले की आटे निमुळते असल्यामुळे पाचर ठोकल्यासारखं होतं आणि प्लास्टिकचं फिटिंग उभं चिरतं. बहुतेक वेळा त्याच दिवशी चिरत नाही, थंडीत एखाद्या पहाटे चिरतं. बाहेरचे आटे प्लास्टिकचे आणि आतले पितळी, ही जोडी सुरक्षित.

तात्यांच्या सांध्यात मी हेच केलं. कपलर करवतीने कापून टाकला. पांढऱ्या पाईपचा दोन बोटं भाग आणि करड्या पाईपचं चिकट झालेलं तोंडही कापलं, कारण वाळलेल्या सोल्युशनवर नवा सांधा धरत नाही. आधी एमटीएच्या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळली. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. मग एमटीए आणि एफटीए खाली अंगणातच एकमेकांत आवळले, हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अजून दीडेक फेरा. हे आधी करायचं कारण साधं आहे: पाईप चिकटवून झाल्यावर अख्खी लाईन फिरवून आवळता येत नाही.

त्यानंतर दोन्ही टोकं कोरडी बसवून पाहिली. करडा पाईप एमटीएमध्ये निम्म्याच्या जरा पुढे जाऊन अडला. पांढरा एफटीएमध्ये निम्म्यावर. तात्यांना ते स्वतःच्या हाताने करायला लावलं. ते म्हणाले, "मघाच्या कपलरात तर सरळ आत जात होता की." एवढं त्यांच्या हाताला कळलं आणि मग त्यांना आकड्यांची गरज उरली नाही.

सोल्युशन लावताना पाईपच्या बाहेरून आणि सॉकेटच्या आतून, दोन्हीकडे लावलं. पाईप रेटताना पाव फेरा फिरवला आणि तळाला टेकल्यावर अर्धा मिनिट तसाच दाबून धरला. निमुळत्या सॉकेटमुळे पाईप आपोआप मागे सरकतो, लगेच हात सोडला तर दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो. दुसरं टोक जोडायला पाईप मागे ओढावा लागतो, सॉकेटच्या खोलीइतका तरी. तात्यांची लाईन भिंतीवर क्लिपांनी धरलेली होती, वरच्या दोन क्लिपा सोडल्यावर ती वाकली. पाईप अजिबात हलत नसेल, भिंतीत असेल, तर आट्यांच्या मध्ये युनियन, म्हणजे पाईप न फिरवता आवळता येणारा जोड, घाला, नाहीतर शेवटचा सांधा अर्धाच बसतो आणि तोच पुढे गळतो. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं.

आट्यांचं माप सांगतानाही हाच नावाचा घोळ होतो, म्हणून तेही सांगून टाकतो. मागे एक पोरगा नळ घेऊन आला, "पाऊण इंची सॉकेट द्या." मी नळ पाहिला, तो अर्धा इंची. तो ऐकेना, कारण त्याने घरी टेपने आटे मोजले होते आणि ते पाऊण इंचाच्या जरा पुढेच भरत होते. त्याचं मोजमाप बरोबर होतं. अर्धा इंची बीएसपी आटा बाहेरून २१ मिमी असतो. पाऊण इंचीचा २६.४, म्हणजे एक इंचाच्या पुढे. एक इंचीचा ३३.२, म्हणजे सव्वा इंचाच्या पुढे. थोडक्यात, सव्वापर्यंत आट्याचं बाहेरचं माप जे येईल त्याच्या एक पायरी खालचं नाव सांगायचं. पाऊणच्या पुढे भरलं तर मागा अर्धा, एकच्या पुढे भरलं तर मागा पाऊण. नळ सोबत आणला तर एवढंही करावं लागत नाही. मी तो सरळ माझ्या जुन्या नळीच्या तुकड्यात फिरवून बघतो.

एखादवेळी परदेशातून आणलेल्या मशिनीचा किंवा फिल्टरचा आटा बीएसपी नसतो, अमेरिकन एनपीटी असतो. अर्धा इंचाला दोन्हींत दर इंची चौदाच आटे आहेत, त्यामुळे दोन-तीन फेरे तो गोड बोलतो आणि मग अडतो. आट्यांचा कोन वेगळा असतो, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. जोर लावून आवळला तर बसल्यासारखा होतो आणि कितीही टेप गुंडाळा, थेंब थेंब गळत राहतो. नवी टेप गुंडाळून तिसऱ्यांदाही गळत असेल तर टेपला दोष देणं थांबवा आणि मशिनीच्या कागदावर आट्याचं नाव शोधा.

अजून एक फसवी जोडी आहे, आणि ती वरच्या पट्टीनेही सापडत नाही. शेतीचा ३२ चा पीव्हीसी, ठिबकचा ३२ चा काळा एचडीपीई आणि हिरवा किंवा पांढरा पीपीआर, हे तिघंही बाहेरून ३२ मिमीच. एकमेकांच्या फिटिंगमध्ये ते बसल्यासारखे वाटतात. पण पीपीआर आणि एचडीपीई सोल्युशनने विरघळत नाहीत. वर लावलेलं सोल्युशन सुकून धुळीसारखं निघून जातं. पीपीआर मशिनीने तापवून जोडतात, एचडीपीईला आवळायचे कपलर लागतात. तसंच पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला वापरू नका, सीपीव्हीसीचं वेगळं येतं आणि डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

दुकानात येताना मला "एक इंची कपलर द्या" असं नका सांगू. जुन्या पाईपचा बोटभर तुकडा कापून आणा. तोही नसेल तर छपाईचा फोटो, आणि तोही नसेल तर दोन भोकं पाडलेली कागदाची पट्टी. तात्यांनी पुढच्या महिन्यात गोठ्यातल्या नळासाठी अशीच एक पट्टी आणली होती, बैलपोळ्याच्या जाहिरातीच्या कागदाची. मोजली तर ८४ मिमी भरली. म्हणजे २६.७. म्हटलं, "तात्या, हा प्लंबिंगचा पाऊण आहे, शेतीचा नाही." ते म्हणाले, "पोराने टाकला होता, मला वाटलं जुनाच असंल."